हंगेरी २०१९ : व्हर्स्टापेनला लगेच पुढच्या फेरीत आत का नाही बोलावलं?

राजारामपुरी_नववी_गल्ली (रविवार, रात्री ११.२०)

मंडळी, आज आमच्या टेरेसवर पावसामुळे काहीच जमलं नाही, म्हणून चौघांनी बसून फॉर्म्युला वनची जुनी शर्यत लावली. हंगेरी, २०१९. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेड बुलचा व्हर्स्टापेन पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढून सुटला, ती त्याची पहिलीच पोल. २५व्या फेरीत त्याने पिटमध्ये आत जाऊन हार्ड, म्हणजे कडक रबराचे टायर घेतले, मर्सिडीजच्या हॅमिल्टनने ३१व्या फेरीत. ३९व्या फेरीत हॅमिल्टनने चौथ्या वळणावर बाहेरून घुसायचा प्रयत्न केला आणि रुंद गेला. मग ४८व्या फेरीत मर्सिडीजने त्याला परत आत बोलावून थोडे मऊ, मीडियम टायर लावले. वीसेक सेकंदांनी मागे पडलेला माणूस ७० फेऱ्यांच्या शर्यतीत ६७व्या फेरीला पुढे गेला.

आता भांडण असं आहे. माझा भाऊ म्हणतो, रेड बुल झोपली होती. समोरचा आत गेला की तुम्हीही पुढच्याच फेरीत आत जायचं, नवे टायर घ्यायचे, हिशेब बरोबर. इतकं साधं त्यांना कळलं नाही? मला वाटतं प्रकरण इतकं साधं नसणार, पण मला ते नीट मांडता येईना आणि तो चिवडा खात खात जिंकून गेला. कोणीतरी मदत करा.

---

फास्टलेन_अभि (११.३१)

तुझा भाऊ बरोबर आहे. रेड बुलचे पिटवाले तेव्हा जगात सगळ्यात वेगवान. त्याच वर्षी ब्राझीलला त्यांनी व्हर्स्टापेनचे चारही टायर १.८२ सेकंदांत बदलले होते. ज्यांना दोन सेकंदांत टायर बदलता येतात त्यांनी घाबरायचं कशाला? आत जा, बदला, बाहेर या. दोन सेकंद गेले तर गेले. शर्यत पिटमध्येच जिंकली जाते असं मी नेहमी म्हणतो.

---

मधुरा_ताराबाई_पार्क (११.५८)

अभि, ते १.८२ सेकंद म्हणजे गाडी जागेवर उभी असते तेवढा वेळ. स्टॉपवॉच तिथेच लावलं तर गोंधळ होणारच. गाडी पिटलेनमध्ये शिरते तेव्हा लिमिटर लावून ८०ने चालवावी लागते, आणि शेजारच्या सरळ रस्त्यावरून बाकीचे अडीचशे-तीनशेने निघून जात असतात. आत शिरणं, थांबणं, बाहेर पडणं हे सगळं धरलं तर हंगेरीत साधारण वीस सेकंद जातात. त्यातले पिटवाल्यांच्या हातात दोनच. ते अठरा तर रस्त्याचे आहेत, कितीही चपळ माणसं ठेवा, ते कमी होत नाहीत. पिटवाले शर्यत हरवू शकतात हे मात्र खरं. नट अडकला की दोनाचे दहा होतात.

आता मूळ प्रश्न. मी याच्यावर तेव्हा बरेच कागद खराब केले होते, तेव्हा सावकाश लिहिते.

समजा ४८व्या फेरीला व्हर्स्टापेन दोन सेकंदांनी पुढे आहे. नेमका आकडा बाजूला ठेवा, दोन धरून चालू. त्याचे हार्ड तेव्हा २३ फेऱ्या जुने. हॅमिल्टन आत जातो, वीस सेकंद देतो, नवे मीडियम घेऊन बाहेर येतो. गरम ब्लँकेटमधून काढलेले टायर असतात, म्हणजे पहिल्याच फेरीपासून पकड असते. तो त्या एका फेरीत जुन्या हार्डवरच्या व्हर्स्टापेनपेक्षा दोन-अडीच सेकंद लवकर येतो असं धरा. आता ४९व्या फेरीच्या शेवटी व्हर्स्टापेन आत येतो आणि तोही तेच वीस सेकंद देतो. वीसला वीस कटले. उरलं काय? त्याची दोन सेकंदांची आघाडी, आणि त्याच्यासमोर हॅमिल्टनने एका फेरीत कमावलेले दोन-अडीच. म्हणजे पिटच्या तोंडाशी दोघं शेजारी-शेजारी, किंवा हॅमिल्टन नाकभर पुढे. शिवाय हॅमिल्टनचे टायर एव्हाना तापलेले, व्हर्स्टापेनचे अजून तापायचे.

आधी आत जाऊन असं पुढे निघण्यालाच अंडरकट म्हणतात. तुझ्या भावाचा 'पुढच्याच फेरीत आत जायचं' हा नियम पुढच्याकडे पुरेशी आघाडी असेल तरच चालतो. आघाडी अंडरकटपेक्षा कमी असेल तर मागून आत जाणारा नेहमी दुसरा. आणि हंगेरीसारख्या अरुंद, वळणावळणाच्या ट्रॅकवर दुसरा बाहेर आलास की पुढच्या वीस फेऱ्या समोरच्याचं मागचं पंख बघत बसायचं.

---

गगनबावडा_रायडर (सोमवार, सकाळी ७.१०)

विषय टायरचा आहे म्हणून विचारतो. माझ्या मोटरसायकलला मागचा टायर बदलायचा आहे. दर आठवड्याला गगनबावड्याला जातो, पावसाळ्यात पण. सॉफ्ट घेऊ की मीडियम? दुकानदार म्हणतो सॉफ्ट घे, वळणात धरून राहतो.

---

टायरवाले_शिरोली (सकाळी ९.४५)

रायडर भावा, हे लोक शर्यतीच्या टायरबद्दल बोलायलेत. ते टायर दीडशे-दोनशे किलोमीटरसाठी असत्यात. तू तसला लावलास तर गगनबावड्याला जाशील, येताना मला फोन करशील. आणि पावसाळ्यात तर रबरापेक्षा खाचा बघ. पाणी बाहेर फेकायला खाच लागते. टूरिंगचा टायर घे, हवा बरोबर ठेव, बास.

बाकी मी रेस कधी बघितली न्हाई, पोरगं बघतंय. पण रबर तीस वर्षं बघतोय म्हणून एक विचारतो. मधुराताई म्हणत्यात की नवा टायर एका फेरीत दोन सेकंद देतो. हे पटत न्हाई मला. आमच्याकडं नवा टायर लावला की गिऱ्हाईकाला सांगतो, पहिले शंभर किलोमीटर जपून चालवा, वरची चिकणाई निघून जाऊ द्या. नवा टायर घसरतोय. मग ह्यांचा नवा टायर उलटा कसा चालतो?

---

मधुरा_ताराबाई_पार्क (दुपारी १.१५)

काका, मस्त प्रश्न. तुमचा टायर रस्त्यावरच्या थंडीत काम करतो. यांचं रबर साधारण शंभर अंशांच्या आसपास आलं की डिंकासारखं चिकटतं, त्याच्या खाली ते लाकूड असतं. म्हणून टायर आधीच विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून गरम ठेवतात.

पण तुमचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. थंड दिवस असेल, कडक कंपाउंड असेल, तर नवा टायर तापायला दोन-तीन फेऱ्या घेतो आणि तेवढ्या वेळात जुन्या पण गरम टायरवरचा माणूस जास्त वेगात जातो. तेव्हा अंडरकट उलटा पडतो आणि जो उशिरा आत येतो तोच पुढे निघतो. त्यामुळे 'नवा म्हणजे वेगवान' हे दर रविवारी नव्याने तपासावं लागतं. शुक्रवारच्या सरावात हे लोक गोलगोल फिरत असतात ते यासाठीच.

---

फास्टलेन_अभि (दुपारी १.४०)

ठीक, वीस सेकंद मान्य. मी मागे घेतो. पण मग हॅमिल्टन वीस सेकंद देऊनसुद्धा दुसराच कसा राहिला? त्याच्या मागचे लोक कुठे होते?

---

मधुरा_ताराबाई_पार्क (दुपारी २.०५)

हाच खरा मुद्दा आहे आणि भावांच्या भांडणात तो आलाच नाही. मागे फेरारी होत्या, पण इतक्या मागे की हॅमिल्टन आत जाऊन बाहेर आला तरी दुसराच. शेवटी तिसरा आलेला व्हेटेल विजेत्यापेक्षा एका मिनिटाहून जास्त मागे होता, यावरून अंदाज घ्या. म्हणजे मर्सिडीजला हा स्टॉप फुकट होता. डाव फसला असता तरी दुसरा नंबर कुठे जात नव्हता. ज्याच्याकडे हरवायला काही नाही तो जुगार खेळतो.

व्हर्स्टापेनची गोष्ट उलटी. आत गेला तर जागा जाण्याची शक्यता, बाहेर राहिला तर वीस सेकंदांची आघाडी हातात. मग तो कोणत्या आशेवर बाहेर राहिला? शिल्लक २२ फेऱ्या. हॅमिल्टनला वीस सेकंद भरून काढायला फेरीला जवळजवळ एक सेकंद लागणार, आणि पोहोचणं वेगळं, ओलांडणं वेगळं. हंगेरीत ओलांडायला सेकंदभर तरी जास्त वेग लागतो. त्या क्षणी कागदावर रेड बुलचा निर्णय वेडेपणाचा नव्हता. हॅमिल्टनलाही रेडिओवर शंका होतीच.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली (दुपारी २.३०)

हे मी भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग आधीच चुकले, २५व्या फेरीत." आता बोला.

---

शाहूपुरी_गॅरेज_पप्पू (दुपारी ४.५०)

माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही पोरांनी मिळून भाड्याच्या गो-कार्टची एक लांब शर्यत लावली होती. तीन जण एका गाडीवर, दोन वेळा ड्रायव्हर बदलायचाच असा नियम. टायर-बियर काही नाही, फक्त आत यायचं, उतरायचं, दुसऱ्यानं बसायचं. आम्ही पहिले होतो. मधे एक कार्ट उलटी फिरून रस्त्यात उभी राहिली, सगळ्यांना हळू केलं. मी ओरडलो, आत ये, आत ये! लगेच आत घेतला. पण हेच सगळ्यांच्या डोक्यात आलं. आत सहा कार्ट एका रांगेत! आम्ही पाचवे झालो. ज्या टीमनं काहीच केलं नाही ती जिंकली. कोणी डोकं लावलं म्हणून जिंकली असं नाही, त्यांचा माणूस पेट्रोल पंपावर वडापाव आणायला गेला होता.

---

मधुरा_ताराबाई_पार्क (संध्याकाळी ६.२०)

पप्पूदादा, तुमचा वडापाववाला मोठ्या शर्यतीतही असतो. सेफ्टी कार आली की ट्रॅकवरचे सगळे हळू चालतात, त्यामुळे पिटचे वीस सेकंद बारा-तेरावर येतात. जो त्या वेळी पिटच्या तोंडाशी असतो त्याचं नशीब. आणि एका टीमच्या दोन्ही गाड्या एकाच वेळी आत आल्या की दुसऱ्याला पहिल्याच्या मागे रांगेत उभं राहावं लागतं.

आता २५व्या फेरीबद्दल. भावाचं इथे अर्धं पटतं. रेड बुलने अंडरकटच्या भीतीने आधी आत बोलावलं, आघाडी वाचवली. मर्सिडीजने मुद्दाम सहा फेऱ्या जास्त खेचल्या. त्यामुळे जागा मिळाली नाही, पण दुसऱ्या टप्प्यात हॅमिल्टनचे टायर सहा फेऱ्यांनी ताजे राहिले, आणि ३९व्या फेरीतला तो दबाव त्यातूनच आला. पण रेड बुल लवकर गेली नसती तर त्याच २५-२६ला मर्सिडीजने अंडरकट मारला असता. दोन्हीकडून टोचत होतं.

---

रंकाळा_संध्या (संध्याकाळी ७.०५)

मला हे आवडतं पण कायम एका ठिकाणी अडकते. टीव्हीवर फेरीचा वेळ बघितला तर व्हर्स्टापेन बऱ्याच फेऱ्या तसाच वेळ देत होता. टायर झिजत असतील तर वेळ वाढायला हवा ना? मग अचानक शेवटी इतका कसा ढासळला?

---

मधुरा_ताराबाई_पार्क (रात्री ९.३०)

संध्या, याचं उत्तर पेट्रोलच्या टाकीत आहे. २०१० पासून शर्यतीत मधे इंधन भरता येत नाही, म्हणजे गाडी सगळं पोटात घेऊन सुटते. २०१९ला मर्यादा ११० किलोची होती. हंगेरीच्या ७० फेऱ्यांना वाटा, फेरीला दीड किलो. दर फेरीला गाडी दीड किलोने हलकी, म्हणजे टायर अजिबात झिजत नसते तर वेळ हळूहळू कमी व्हायला हवा होता. तो तसाच राहतोय याचा अर्थ गाडी हलकी होऊन जे कमावतेय ते टायर खातोय. स्थिर वेळ दिसला की टायर मस्त आहे असं समजू नकोस.

आणि ढासळतो तो सरळ रेषेत नाही ढासळत. रबराचा थर पातळ झाला की त्यात उष्णता धरून राहत नाही, पकड कमी होते, पकड कमी झाली की गाडी वळणात घसरते आणि घसरल्याने वरचा थर अजून फाटतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. कड्यावरून पाय सुटल्यासारखं.

त्या दिवशीचं बघ. हॅमिल्टन बाहेर आल्यावर बराच वेळ अंतर हवं तसं कमी होईना. व्हर्स्टापेनने वेग वाढवला होता, आणि हॅमिल्टनला मधे फेरी-मागे पडलेल्या गाड्याही लागल्या. तेव्हा मीही म्हणत होते, गेला मर्सिडीजचा डाव. पण तोच तर डाव होता! व्हर्स्टापेनला टायर जपून चालवायचे होते, हॅमिल्टनने मागून त्याला पळायला भाग पाडलं. मग शेवटच्या फेऱ्यांत टायर संपले असं तो रेडिओवर सांगू लागला. ६७व्या फेरीला त्याचे हार्ड ४२ फेऱ्यांचे होते आणि हॅमिल्टनचे मीडियम १९. पहिल्या वळणावर बाहेरून, आरामात गेला.

ओळखायचं कसं? पूर्ण फेरीचा वेळ बघू नकोस, वळणांच्या भागाचा वेळ बघ. सरळ रस्त्यावर टायर फार काही सांगत नाही. वळणातून बाहेर पडताना मागचं चाक सुटतंय का, ड्रायव्हर गॅस देताना थबकतोय का, ते कॅमेऱ्यात दिसतं.

---

टायरवाले_शिरोली (रात्री १०.०५)

हे पटलं. ट्रकचा टायर पण तसाच. हजारो किलोमीटर काही होत न्हाई, आणि मग शेवटचे थोडे किलोमीटर झपाट्यानं जातो. गिऱ्हाईक म्हणतंय, अहो परवा तर बरा होता. पोराला दाखवतो हे.

---

फास्टलेन_अभि (रात्री १०.३०)

बरं, मग शेवटी व्हर्स्टापेन आत का गेला? ओलांडला गेल्यावर लगेच आत जाऊन सॉफ्ट लावले. शरण गेला का?

---

राजारामपुरी_नववी_गल्ली (रात्री १०.४४)

हे मला माहीत आहे, मला सांगू द्या! मागे फेरारी मिनिटभर लांब, म्हणजे आता त्याला स्टॉप फुकट. त्या वर्षी सगळ्यात वेगवान फेरीला एक गुण सुरू झाला होता. नवे सॉफ्ट लावून १:१७.१०३ मारला आणि गुण घेऊन गेला. दुसरा नंबर होताच. माझा भाऊ आता गप्प आहे.

---

मधुरा_ताराबाई_पार्क (रात्री ११.१०)

अगदी बरोबर. फुकट स्टॉप म्हणजे काय ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत, मी दोन पानं घेतली.

एकच गोष्ट भावाला सांगा. दोन वर्षांनी, २०२१ला फ्रान्समध्ये हीच कोंडी मर्सिडीजच्या गळ्यात पडली. व्हर्स्टापेन १८व्या फेरीत आत आला, हॅमिल्टन एकाच फेरीने मागून, आणि तीनेक सेकंदांची आघाडी पुरली नाही, व्हर्स्टापेन पुढे. मग ३२व्या फेरीला रेड बुलने पुढे असतानाच त्याला परत आत बोलावलं. हॅमिल्टन बाहेर राहिला. ५३ फेऱ्यांची शर्यत, ५२व्या फेरीला व्हर्स्टापेन पुढे. हंगेरीत जे सोसलं तेच परत केलं.

---

शाहूपुरी_गॅरेज_पप्पू (रात्री ११.२५)

मग आत बोलवायचं की नाही बोलवायचं? मला एक उत्तर द्या ना.

---

मधुरा_ताराबाई_पार्क (रात्री ११.४०)

हंगेरीत माझं मत अजूनही बदलतं. ४९ला आत गेले असते तर दुसरे बाहेर आले असते, पण टायर एकदम नवे, आणि हॅमिल्टनला मागून त्रास देता आला असता. बाहेर राहिले तर तीन फेऱ्या कमी पडल्या. सेफ्टी कार आली असती तर त्यांना शहाणं म्हटलं असतं. मला मोठी उणीव वाटते ती रेड बुलच्या दुसऱ्या गाडीची. गॅस्ली सहावा आणि एक फेरी मागे होता. तो पुढे असता तर हॅमिल्टनचा स्टॉप फुकट राहिला नसता, तो गॅस्लीच्या मागे अडकला असता. बोटासची मर्सिडीजही पहिल्याच फेरीत पंख मोडून मागे गेली होती, म्हणजे लढाई एकास एक होती.

---

रंकाळा_संध्या (मंगळवार, सकाळी ८.२०)

मला वाटतं आत जायला हवं होतं. मागून त्रास देणाऱ्याला निदान काहीतरी करता येतं. पुढे बसून टायर मरताना बघणं म्हणजे काहीच हातात नाही.

---

टायरवाले_शिरोली (सकाळी ९.१०)

पोरगं म्हणतंय २०१६ला मोनॅकोमध्ये रेड बुलचा रिकार्डो पहिला असताना आत आला आणि टायर तयारच नव्हते. पोरं मागनं टायर आणत होती आणि तो उभा. शर्यत गेली. हे वाचून मी आज दुकानात पोरांना आधी टायर काढून ठेवायला लावलेत. गगनबावड्याचा रायडर आला हाय.